कार्यक्रम एक तास उशिरा सुरू झाला, आता काय कापायचं? सोसायटीच्या गणपतीतला स्टेज सांभाळणाऱ्यांसाठी

मी आमच्या सोसायटीच्या गणपतीतल्या सांस्कृतिक कार्यक्रमाचं स्टेज सात वर्षं बघतोय. निवेदन नाही, डान्स नाही, फक्त विंगेत उभं राहून "पुढचे कोण? चला चला" करणारा जो माणूस असतो ना, तो मी. या सात वर्षांत वेळेवर सुरू झालेला कार्यक्रम मला एकच आठवतो आणि त्या वर्षी पावसाने मांडव उडाला होता. त्यामुळे उशीर होऊ नये म्हणून काय करावं हे मी सांगत बसणार नाही, उशीर झालाच आहे असं धरून पुढचं सांगतो. यावर्षी पहिल्यांदाच तुमच्या गळ्यात हे काम पडलं असेल तर कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी हे एकदा वाचून ठेवा, त्या दिवशी वाचायला वेळ मिळणार नाही.

उदाहरण म्हणून आमचाच एक कार्यक्रम घेतो. साडेसहाला सुरू होणार होता, सुरू झाला साडेसातला. पाहुणे ट्रॅफिकमध्ये, आरती लांबली, आणि माईकची वायर कुठल्या तरी पोराने ओढली, नेहमीचंच.

जवळ काय काय हवं

- कार्यक्रमाच्या क्रमाच्या दोन प्रिंट, मोठ्या अक्षरात. मोबाईलवरची लिस्ट चालत नाही, ऐन वेळी त्याच मोबाईलवर पंधरा जणांचे फोन येत असतात.
- प्रत्येक आयटमसमोर तीन गोष्टी: खरी मिनिटं, ग्रुपमधल्या एकाच जबाबदार माणसाचा नंबर, आणि साऊंडवाल्याकडच्या फाईलचा नंबर.
- जाड मार्कर, कोऱ्या चिठ्ठ्या, मनगटावर घड्याळ.
- लाऊडस्पीकरच्या परवानगीची झेरॉक्स. ही खिशात ठेवा, का ते खाली सांगतो.
- एक पळणारा पोरगा किंवा पोरगी. कॉलेजमधलं कुणीतरी, ज्याला स्वतःला स्टेजवर जायचं नाहीये. हे सगळ्यात महत्त्वाचं सामान.

१. आधी शेवट पक्का करा, मग उलटं मोजा

नवीन माणूस काय करतो, की एक तास उशीर झाला म्हणजे एक तास कापायचा असा हिशोब करतो, आणि तिथेच फसतो.

खुल्या जागेत, मांडवात, लाऊडस्पीकर रात्री १० ते सकाळी ६ बंद, हे २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांतलं आहे. सणासुदीला वर्षातले जास्तीत जास्त १५ दिवस राज्य सरकार १२ पर्यंत सूट देऊ शकतं, पण ते दिवस ठरवून जाहीर केलेले असतात आणि गणपतीतले दहाच्या दहा दिवस त्यात असतात असं नाही. "अरे गणपतीत बारापर्यंत चालतं" हे वाक्य समितीतला एक काका दरवर्षी म्हणतोच. त्याच्याशी वाद घालू नका, परवानगीच्या कागदावर तुमच्या तारखेपुढे किती वाजले लिहिलेत ते दाखवा. म्हणून ती झेरॉक्स खिशात.

आमच्या कागदावर १० होते. मी शेवट ९:५० धरला, कारण आभार संपल्यावरही टाळ्या, "एक फोटो एक फोटो" यात दहा मिनिटं आरामात जातात आणि तेवढा वेळ माईक चालूच असतो. म्हणजे हातात साडेसात ते नऊ पन्नास, १४० मिनिटं.

आता कागदावर काय होतं बघा:

- दीपप्रज्वलन आणि गणेशवंदना: १०
- अध्यक्ष आणि पाहुण्यांचं मनोगत: २५
- दहावी-बारावीच्या १२ मुलांचा सत्कार: १५
- प्रायोजकांचे आभार: ५
- नाच-गाण्याचे १४ आयटम: ७०
- एकांकिका ३०, तिचा सेट लावायला १०
- स्पर्धांचं बक्षीस वितरण: २०
- आभारप्रदर्शन: ५

बेरीज १९०. साडेसहापासून नऊ चाळीस, छान बसतंय. पण यात दोन आयटमच्या मधला वेळ कुणी धरलाच नव्हता. एक ग्रुप उतरतो, दुसरा चढतो, अँकर चारोळी म्हणतो, साऊंडवाला फाईल शोधतो, यात दर वेळी कमीत कमी दीड मिनिट जातं. १४ आयटमचे झाले २१. म्हणजे खरा कार्यक्रम २११ मिनिटांचा, तो वेळेवर सुरू झाला असता तरी दहा वाजून गेले असते. मला कापायची होती ७१ मिनिटं, साठ नाही. हा मधला वेळ न धरणं ही मी बघितलेली सगळ्यात कॉमन चूक आहे आणि ती रात्री सव्वानऊला कळते, जेव्हा काही करता येत नाही.

२. तीनच माणसं, पाच मिनिटं

कापाकापी ठरवायला समितीची मीटिंग बोलावू नका. मी, सेक्रेटरी आणि साऊंडवाला, बस. साऊंडवाला का, तर शेवटी ट्रॅक त्याच्याच बोटाने थांबणार किंवा सुरू होणार आहे, त्याला नंतर सांगू म्हणलं की घोळ. दीपप्रज्वलन चालू असताना आम्ही साऊंडच्या टेबलामागे उभं राहून हे ठरवलं, तेवढा वेळ पुरतो.

अँकरला या चर्चेत घेऊ नका, त्याला निर्णय द्या. अँकरचं लक्ष दोन ठिकाणी गेलं की तो माईकवरच विचारतो, "हो का, सत्कार नंतर करायचा का?" आणि सगळ्या सोसायटीला कळतं.

३. काय कापायचं: आधी बोलणं, मग वाटणं, मग मधला वेळ, आणि आयटम सगळ्यात शेवटी

माझा हिशोब साधा आहे. ज्या गोष्टीसाठी कुणी महिनाभर तालीम केली नाही, ती आधी जाते.

मनोगतं २५ ची ५ केली. पाहुण्यांचं स्वागत, शाल-श्रीफळ तिथेच दिव्याजवळ उरकलं, आणि पाच मिनिटं पाहुण्यांना. अध्यक्षांनी स्वतःचं भाषण सोडलं. हे अध्यक्षांना सेक्रेटरीने सांगायचं असतं, तुम्ही नाही, आणि पाहुण्यांना अध्यक्षांनी. एका वर्षी मी आगाऊपणा करून स्वतः पाहुण्यांना जाऊन "सर, थोडक्यात" म्हणालो होतो, त्यांनी माईक हातात घेतल्यावर पहिलं वाक्य "मला थोडक्यात बोलायला सांगितलं आहे" हे टाकलं आणि त्या थोडक्यावरच दहा मिनिटं बोलले. वाचले २०.

सत्कार रद्द करायचा नाही, आईवडील नटून पुढच्या रांगेत बसलेले असतात. बारा मुलांना एकदम स्टेजवर घ्या, नाव आणि टक्के वाचा, नाव वाचलं की मागून एकेक गुलाब हातात, शेवटी एक ग्रुप फोटो. १५ चे ५ झाले, वाचले १०.

बक्षीस वितरण, म्हणजे चमचा-लिंबू, चित्रकला, पाककला, हे सगळं उद्या सकाळच्या आरतीनंतर. २० चे २० वाचले. हे मात्र आजच एकदा जाहीर करायचं, नाहीतर लोक बक्षिसासाठी शेवटपर्यंत थांबतात आणि मग चिडतात.

प्रायोजकांची नावं एकांकिकेचा सेट लागताना वाचली, वाचले ५. सेट लावणं पण १० चं ५ केलं, त्यासाठी नाटकवाल्यांच्या दिग्दर्शकाला आधीच विचारलं की दोन खुर्च्या आणि टेबलावर भागेल का, तो दरवाजाची फ्रेम सोडायला तयार झाला, वाचले ५. आभार एका मिनिटात, वाचले ४.

मधला वेळ २१ चा ११ वर आणला. कसा, तर पुढचा ग्रुप विंगेत, त्याच्या पुढचा जिन्यात, आणि अँकरला एक आयटम एक वाक्य. चारोळ्या बंद. आमचा अँकर हाडाचा कवी आहे, त्याला हे सांगताना मला त्याचा चेहरा बघवला नाही, पण दहा मिनिटं वाचली ती वाचलीच.

बेरीज करा: २० + १० + २० + ५ + ५ + ४ + १० = ७४. लागत होती ७१. म्हणजे एकाही पोराचा नाच न कापता काम झालं, फक्त हातात तीन मिनिटंच उरली, आणि तीन मिनिटं म्हणजे काहीच नाही. लाईव्ह कार्यक्रमात एकदा तरी काहीतरी अडकतंच, दहा मिनिटं तरी हातात हवीत. म्हणून मग दोन आयटमना हात लावला. महिला ग्रुपची ८ मिनिटांची मेडली ५ वर आणि एका काकांची कराओकेवरची दोन गाणी होती, त्यांचं एक. तीन आणि चार, सात मिनिटं. आता उरली दहा.

लहान मुलांच्या आयटमना हात लावू नका. एकतर ते तीन मिनिटांचे असतात, काही वाचत नाही, दुसरं म्हणजे पाच वर्षांच्या पोराला "आज शेवटचं कडवं नाही" हे कळत नाही, तो कडवं येईपर्यंत तिथेच उभा राहतो.

४. क्रम बदला: ताणता येणारे आयटम शेवटी

ही गोष्ट मला कुणी सांगितली नव्हती, दोन वर्षं तोंडावर आपटल्यावर कळली. आपल्याकडे एकांकिका "आकर्षण" म्हणून सगळ्यात शेवटी ठेवतात. पण एकांकिका मधेच थांबवता येत नाही, तिचा शेवट कापला तर आधीचं सगळं वाया. आणि दहा वाजता पोलीस गेटवर उभे असतील तर तुम्हाला ती थांबवावीच लागेल. गाणं मात्र दोनाचं एक होतं, मेडली पाचाची तीन होते.

म्हणून क्रम असा केला: आधी सगळी लहान मुलं (त्यांना झोप येते, भूक लागते, मेकअप पुसला जातो), मग शाळेतले मोठे, असे दहा आयटम, मग एकांकिका, आणि शेवटचे चार आयटम मोठ्यांचे, ज्यात मेडली आणि कराओके दोन्ही. कागदावर ९:४० ला संपत होतं.

फक्त एकांकिका वर घेताना नाटकवाल्यांना विचारल्याशिवाय घेऊ नका. त्यांचा दाढी-मिशीवाला माणूस नऊ वाजताच्या हिशोबाने घरी जेवायला गेलेला असू शकतो. आमचा गेला होता.

५. कलाकारांना सांगणं: समोर जाऊन, एकाच माणसाला, माईकवर कधीच नाही

खरा कस इथे लागतो. कापणं सोपं आहे, सांगणं अवघड.

पहिला नियम, माईकवरून "वेळेअभावी अमुक कार्यक्रम होणार नाही" असं कधीच म्हणायचं नाही. एका वर्षी आम्ही केलं. विंगेत नववीतली एक मुलगी नऊवारी नेसून, नथ, गजरा, पायात घुंगरू बांधून उभी होती आणि तिला हे स्पीकरवरून कळलं. ती रडली नाही, तिथेच खाली बसून घुंगरू सोडायला लागली. ते सुटत नव्हते. तिची आई पुढे दोन वर्षं माझ्याशी बोलली नाही आणि बरोबरच होतं तिचं.

दुसरा नियम, व्हॉट्सअ‍ॅपवर टाकून मोकळं व्हायचं नाही. मेकअप चालू असताना कुणी फोन बघत नाही, आणि ज्याने बघितला तो अर्धवट वाचून सगळ्यांना सांगतो. ग्रुपच्या एका जबाबदार माणसाला समोर जाऊन सांगायचं. आयटमच्या किमान वीस मिनिटं आधी, म्हणजे त्यांना कोपऱ्यात जाऊन एकदा करून बघता येतं.

तिसरं, "होईल का" असं विचारायचं नाही, पण "असं करा" असा हुकूमही सोडायचा नाही. मिनिटं सांगा आणि कुठे कापायचं ते त्यांच्यावर सोडा. मेडलीवाल्या वहिनींशी माझं बोलणं साधारण असं झालं:

"वहिनी, दहाला माईक बंद करावा लागतोय. तुमचे आठ आहेत, मी पाच देऊ शकतो. कुठे थांबायचं ते तुम्ही सांगा, साऊंडवाल्याला मी घेऊन येतो."

"अहो भावजी, शेवटच्या गाण्यात आमची फुगडी आहे, तीच तर बसवलीय दोन आठवडे!"

"मग फुगडी ठेवा, मधलं एक काढा."

"मधलं काढलं तर आम्ही नऊजणी नऊ दिशेला जाऊ."

आणि हे त्यांचं अगदी खरं होतं. बसवलेल्या नाचात पाय क्रमाने चालतात, मधून तुकडा काढला की पुढच्या जागा कुणाला आठवत नाहीत. शेवट कापणं कधीही सोपं. शेवटी त्यांनीच मार्ग काढला, चौथ्या गाण्याच्या ध्रुवपदापर्यंत नाचायचं, गाणं विरलं की ट्रॅकशिवाय नुसत्या टाळ्यांवर फुगडी घालायची आणि पोझ. अर्धं मिनिट. लोकांना वाटलं असंच बसवलंय.

कराओकेवाल्या काकांना सांगताना एकच काळजी घेतली, दोनातलं कुठलं गाणं ठेवायचं ते त्यांनाच ठरवू दिलं. आपण निवडलं की "माझं चांगलं गाणं कापलं" हे पुढच्या गणपतीपर्यंत ऐकावं लागतं.

आणि खरंच एखादा आयटम पूर्ण जाणार असेल तर ते सांगायला सेक्रेटरीला सोबत न्या आणि दुसरी तारीख तिथल्या तिथे द्या, "उद्या आरतीनंतर पहिला आयटम तुमचा". तारीख नसेल तर "बघू नंतर" म्हणू नका, सरळ माफी मागा.

६. साऊंडवाला आणि अँकर: चिठ्ठीच

तोंडी सांगितलेलं या दोघांच्या डोक्यात राहत नाही, त्यांचा दोष नाही, दोघांच्या कानात आवाज चालू असतो. साऊंडवाल्याला चिठ्ठी अशी दिली: "फाईल १२, चौथं गाणं, पहिलं ध्रुवपद संपलं की हळू हळू खाली, मग पूर्ण बंद. टाळ्यांवर फुगडी आहे, काही लावू नको." अँकरला नवीन क्रमाची पूर्ण प्रिंट, मार्करने नंबर बदलून. जुनी प्रिंट त्याच्या हातातून काढून घ्या, अक्षरशः काढून घ्या, नाहीतर तो तीच वाचतो.

एक सापळा इथे आहे. घाईत साऊंडवाल्याला खूण करून चालू नाचाचं गाणं फेड करायला लावायचं, हे करू नका. आम्ही एकदा केलं. आवाज कमी झाला तशा मुली हसत हसत नाचत राहिल्या, त्यांना वाटलं स्पीकर बिघडला, मग एकेक करून थांबल्या, आणि शेवटची एक मुलगी एकटीच शांततेत गिरकी घेत होती. नाचणाऱ्याला आधी माहीत नसेल तर गाणं पूर्ण वाजू द्या, ती दोन मिनिटं दुसरीकडून काढा.

७. मध्यात एकदा घड्याळ बघा

सारखं बघू नका, वेड लागतं. आमचा सातवा आयटम ८:३१ ला संपायला हवा होता. सहाव्याला लॅपटॉप बंद पडला, चार्जरची पिन निघाली होती, सहा मिनिटं गेली. अँकरला मी हाताने खूण केली आणि त्याच्या सगळ्या दाबून ठेवलेल्या चारोळ्या तेव्हा कामी आल्या, पब्लिक खूश. सातवा संपला ८:३७ ला. दहातली सहा खर्च झाली, चार उरली, म्हणजे काही कापायची गरज नाही. हा आकडा कागदावर आधी लिहिलेला होता म्हणून मी शांत होतो, नाहीतर लॅपटॉप बंद पडल्यावर पहिली गोष्ट माणूस काय करतो तर पुढच्या दोघांना पळवतो.

हातातली मिनिटं संपली असती तर काय, तर कराओके पूर्ण बाहेर, आणि ते मी काकांना आठलाच सांगून ठेवलं होतं: "काका, सव्वानऊला मी येऊन पक्कं सांगतो." सव्वानऊला गेलो, सांगितलं की होतंय. ते तोपर्यंत कोट घालून, वही बंद करून तयार बसले होते.

एकांकिका ९:२९ ला संपली. वहिनींची फुगडी झाली. काकांनी एकच गाणं म्हटलं आणि वन्स मोअर आला, मी विंगेतून मान हलवून नाही म्हणालो. आभार संपले तेव्हा ९:४६.

८. त्याच रात्री करायचं एक काम

झोपायच्या आधी त्या मार्करने खरडलेल्या प्रिंटवर प्रत्येक आयटमची खरी मिनिटं लिहा आणि फोटो काढून ठेवा. लोक फॉर्मवर "४ मिनिटं" लिहितात आणि सहा घेतात, आणि दरवर्षी तेच लोक. पुढच्या वर्षी क्रम लावताना मी त्यांच्यापुढे गुपचूप सहाच लिहितो.

आणि सकाळी आरतीला वेळेवर जा. बक्षिसांची पेटी कुणाच्या घरी आहे हे रात्री विचारून ठेवा, आमची पेटी ज्यांच्याकडे होती ते सकाळी सहाच्या गाडीने गावाला गेले होते.